बाराव्या मजल्यावरचा बाळंतविडा

परदेशी राहणाऱ्या भाचीचा पत्ता आपल्याकडे असतोच, अशी बहुतेक घरांची समजूत असते. शोधायला गेलं की तो तीन ठिकाणी सापडतो. लग्नाच्या वेळच्या डायरीत एक, भावाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक, आणि तिसरा व्हिसासाठी आमंत्रणपत्र आलं होतं त्यावर. तिन्ही वेगळे असतात, आणि ती आता यातल्या एकाही ठिकाणी राहत नसण्याची शक्यता बरीच असते. भाड्याची घरं बदलतात, नोकरी बदलते, मूल होणार म्हणून एक खोली जास्त लागते. म्हणून पार्सल बांधण्याआधी एक मेल लिहावी लागते. ही मेल दहा ओळींची असते, पण तिच्यात काय विचारायचं हे कळायला तिकडची टपालव्यवस्था थोडी समजून घ्यावी लागते. या प्रकरणात एकच उदाहरण घेऊ: पुण्याच्या मावशीला टोरोंटोच्या भाचीकडे बाळंतविडा पाठवायचा आहे. कुंची, दोन दुपटी, टोपडी आणि जुन्या लुगड्यांची हाताने शिवलेली गोधडी. भाची एका उंच इमारतीत राहते.

आधी आपली सवय काय आहे ते पाहू. आपला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो आखला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. केंद्राच्या दळणवळण खात्यातला हा मराठी अधिकारी संस्कृतात कविता करणारा होता. त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता की एकाच नावाची गावं देशभर पसरलेली, पत्ते लिहिले जातात डझनभर भाषांत आणि लिप्यांत, आणि टपाल वेगळं करणाऱ्याने ते वाचायचं कसं. सहा आकड्यांनी ती अडचण सोडवली. पण पिनकोड पत्र कुठवर नेतो, तर वाटप करणाऱ्या पोस्ट ऑफिसपर्यंत. ४११०३० म्हटलं की पत्र सदाशिव पेठेत पोचलं. तिथून पुढे त्या भागाचा पोस्टमन, ‘अमुक मारुतीजवळ’, ‘तमक्या दवाखान्याच्या वर’ आणि मुख्य म्हणजे आडनाव. आपल्याकडे शेवटचा टप्पा माणसं पार पाडतात. फ्लॅटचा नंबर चुकला तरी वॉचमन सांगतो, ‘ते होय, तिसऱ्या मजल्यावर.’ म्हणूनच पत्त्यात इमारतीचं नाव असलं की आपण निश्चिंत होतो.

कॅनडाचा पोस्टल कोड त्याच सुमाराचा, १९७१ मध्ये ओटावापासून सुरू झालेला. पण तो फार पुढपर्यंत जातो. त्यात सहा जागा असतात आणि एक अक्षर, एक अंक असे ते आळीपाळीने येतात. पहिली तीन चिन्हं मोठा भाग सांगतात. टोरोंटोचे सगळे कोड M ने सुरू होतात, तर मिसिसागा, ब्रॅम्प्टन या आसपासच्या शहरांचे L ने. पुढची तीन चिन्हं नेमकी जागा सांगतात. शहरात ती रस्त्याच्या एका बाजूची काही घरं असू शकतात, आणि मोठी इमारत असेल तर बऱ्याचदा ती एकच इमारत. म्हणजे कोड बरोबर लिहिला की पार्सल इमारतीच्या दारात जाऊन उभं राहतं. तिथे मात्र कोडचं काम संपतं, कारण त्या एका कोडवर चारशे घरं असू शकतात.

दारातून आत गेल्यावर काय होतं ते नीट पाहायला हवं, कारण ही मेल सगळी त्यासाठीच आहे. अशा इमारतीत तळमजल्यावर टपालाची एक खोली किंवा कोनाडा असतो. भिंतीत धातूच्या छोट्या पेट्यांची रांग असते आणि प्रत्येक पेटीवर फक्त घराचा नंबर. टपालवाला आपल्या किल्लीने अख्खी चौकट एकदम उघडतो आणि नंबर बघत पत्रं टाकत जातो. तो बाराव्या मजल्यावर जात नाही, आणि चारशे घरांतली नावं त्याला ठाऊक असण्याचं कारणही नाही. भाडेकरू दरवर्षी बदलतात, आणि पेट्यांवर नावं बहुधा नसतातच. पार्सल पेटीत मावत नसलं तर ते शेजारच्या मोठ्या कप्प्यात ठेवून त्या कप्प्याची किल्ली त्या घराच्या छोट्या पेटीत टाकायची, अशी सोय अनेक ठिकाणी असते. कप्पा नसेल किंवा पार्सल मोठं असेल तर जवळच्या पोस्टातून घेऊन जा असं सांगणारी चिठ्ठी त्या पेटीत जाते. किल्ली असो की चिठ्ठी, ती कुठल्या पेटीत टाकायची हे ठरवणारी गोष्ट एकच: घराचा नंबर. तिकडे त्याला युनिट नंबर म्हणतात. तो नसेल तर पार्सल योग्य इमारतीत, योग्य माणसाच्या पायाखाली बारा मजले, येऊन उभं असतं आणि तिथून ‘अपुरा पत्ता’ म्हणून परत फिरू शकतं. एखादा कनवाळू टपालवाला चौकशी करेलही, पण त्याच्यावर भिस्त ठेवून गोधडी पाठवू नये.

आता हा नंबर लिहायचा कसा, इथे आपल्या लोकांचा हमखास घोळ होतो. कॅनडा पोस्टची पसंतीची रीत अशी की युनिट नंबर आधी, मग आडवी छोटी रेघ, मग इमारतीचा नंबर आणि रस्ता. आपल्या उदाहरणापुरता एक काल्पनिक पत्ता घेऊ. रस्ता, कोड, नाव सगळं मनाचं आहे.

```
ANUJA KALE
1204-55 BANYAN ST W
TORONTO ON  M9Z 0X7
CANADA
```

दुसरी ओळ पुण्यात वाचली तर काय वाटतं? कुणाला वाटतं की १२०४ नंबरच्या इमारतीतला ५५ नंबरचा फ्लॅट. कुणाला वाटतं हा एकच नंबर आहे, आपल्याकडच्या जुन्या घरांना असतो तसा, म्हणून तो रेघ गाळून सलग लिहितो. दोन्ही चूक. ५५ ही इमारत, आणि १२०४ हे तिच्यातलं घर. बारावा मजला आणि चौथं दार, असा अर्थ सहसा लागतो. सहसा एवढ्यासाठी म्हटलं, की टोरोंटोत बऱ्याच इमारतींमध्ये ४, १३, १४ हे मजलेच नसतात. अपशकुनी म्हणून ते आकडे वगळून बिल्डर पुढचे आकडे देतात. वास्तुशास्त्राची थट्टा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तेव्हा मजला मोजून नंबर पडताळायच्या भानगडीत पडू नये. जो दारावर आहे तोच खरा.

त्याच ओळीच्या शेवटचं W हे अक्षर फार लहान दिसतं, पण ते गळलं तर पार्सल भलत्याच टोकाला जाऊ शकतं. टोरोंटोत यंग स्ट्रीट हा दक्षिणोत्तर रस्ता शहराचा कणा आहे. त्याला छेदून जाणारे मोठे रस्ते, उदाहरणार्थ किंग, क्वीन, एग्लिंटन, त्याच्या पूर्वेला ईस्ट आणि पश्चिमेला वेस्ट होतात, आणि घरांचे नंबर दोन्हीकडे यंगपासूनच चढत जातात. म्हणजे एकाच रस्त्यावर एकच नंबर दोनदा असू शकतो. एग्लिंटनसारख्या लांबलचक रस्त्यावर मोठे आकडे घेतले तर दोघांत कित्येक किलोमीटरचं अंतर पडतं. तिथे राहणारा माणूस बोलताना नुसतं ‘एग्लिंटन’ म्हणतो, कारण त्याला आपण कुठल्या बाजूला राहतो हे माहीत असतं. टाईप करतानाही तो तेवढंच टाईप करतो.

भाचीला मेल का लिहायची, सरळ फोन का नाही, याचंही उत्तर यातच आहे. फोनवर M आणि N, B आणि D सारखेच ऐकू येतात, आणि फिफ्टीन की फिफ्टी हा प्रश्न तर रोजचाच. ऐकलेला पत्ता कागदावर लिहायचा, कागदावरून पोस्टातल्या बाईंना दाखवायचा, त्यांनी तो संगणकात भरायचा, अशा तीन नकला होतात आणि प्रत्येक नकलेत एक अक्षर सांडू शकतं. टाईप होऊन आलेला पत्ता जसाच्या तसा उचलून छापता येतो. व्हॉट्सअ‍ॅपही चालेल, पण तिथे पत्ता, बाळाचे फोटो आणि सुप्रभाताचे संदेश एका ढिगात जातात. वर्षभराने भाऊबीजेला काही पाठवायचं म्हटलं की मेल शोधून काढणं सोपं पडतं.

मावशीची मेल साधारण अशी असावी.

विषय: मावशीकडून पार्सल, तुझा पूर्ण पत्ता शनिवारपर्यंत कळव

चि. अनुजा, अनेक आशीर्वाद.

बाळाची मालिश सुरू झाली का? तुझी आई म्हणत होती की तो रात्री जागवतो. दिवस-रात्रीचा हिशेब त्याचा त्यालाच लागेल, तू मात्र तो झोपला की झोपत जा.

मी पोस्टाने एक पार्सल पाठवते आहे. सगळं कापडी आहे, खायचं काही नाही. काय आहे ते उघडल्यावर बघ. सोमवारी पोस्टात द्यायचं आहे, म्हणून शनिवारपर्यंत खालच्या गोष्टी टाईप करून पाठव. आठवणीने लिहू नकोस, बँकेच्या किंवा विजेच्या बिलावर छापलंय तसं बघून लिही.

युनिट नंबर कोणता?
इमारतीचा नंबर कोणता?
रस्त्याचं पूर्ण नाव, पुढे ईस्ट-वेस्ट असेल तर तेही.
शहर, प्रांत आणि पोस्टल कोड.
तुझ्या ओळखपत्रावर नाव कसं आहे? काळे की माहेरचं?
दिवसा लागेल असा तिथला फोन नंबर.
पुढचे दोन-तीन महिने तुम्ही याच घरात आहात ना?

शक्य असेल तर त्या बिलाच्या पाकिटावरच्या पत्त्याचा फोटोही पाठव. फक्त पत्ता दिसू दे, खाते क्रमांक झाक. ही मेल माझीच का अशी शंका आली तर आईला फोन करून विचार, तिला सांगून ठेवलंय.

तुझी मावशी

या मेलमध्ये काही गोष्टी मुद्दाम केलेल्या आहेत. प्रश्न एका परिच्छेदात गुंफले असते तर बाळंतिणीने रात्री तीनला वाचून पहिल्याचं उत्तर दिलं असतं आणि बाकीचे राहिले असते. प्रत्येकाला स्वतंत्र ओळ दिली की ओळीखाली ओळ उत्तर येतं आणि काय राहिलं ते दोघींनाही दिसतं. युनिट आणि इमारत हे दोन नंबर वेगवेगळे विचारले आहेत, कारण ‘पूर्ण पत्ता पाठव’ एवढंच विचारलं तर ‘५५ बन्यान’ असं उत्तर येतं. ते देणाऱ्याला पूर्णच वाटत असतं, कारण टॅक्सीवाल्याला आणि पिझ्झावाल्याला तेवढंच सांगून भागतं आणि दारातून त्याला फोन येतो. पार्सल फोन करत नाही.

नावाचा प्रश्न विचारताना आपल्याकडे जरा अवघडायला होतं. लग्नानंतर आडनाव बदललं का, हा प्रश्न मावशीने विचारला तर त्यात कुजकट सूर शोधला जाऊ शकतो. पण इथे कारण व्यावहारिक आहे. पार्सल पोस्टात थांबलं आणि ती ते आणायला गेली, तर तिथे ओळखपत्र दाखवावं लागतं. पार्सलवर घरातलं ‘चिऊ काळे’ आणि ओळखपत्रावर भलतंच आडनाव असेल तर काउंटरवर खुलासे देत बसावं लागतं, कडेवर तान्हं घेऊन. मेलमध्ये ‘ओळखपत्रावर कसं आहे’ असं विचारलं की प्रश्नातला काटा निघतो.

विषयाच्या ओळीत ‘मावशीकडून’ आहे आणि शेवटी आईचा हवाला आहे, तोही उगाच नाही. नातेवाइकाच्या नावाने मेल पाठवून पत्ता, फोन, जन्मतारीख काढून घेण्याचे प्रकार चालतात, आणि तिकडची मुलं अशा मेलींबद्दल सावध असतात. मालिशीची चौकशी, आईची तक्रार, अशा घरच्या दोन ओळी मेल खरी असल्याची सर्वांत चांगली खूण ठरतात. उलट जे लागत नाही ते विचारू नये. पार्सलसाठी जन्मतारीख लागत नाही, सरकारी ओळख क्रमांकही लागत नाही.

गुप्तता हा आणखी एक नाजूक भाग. काही जणांना भेटीची गंमत ठेवायची असते, म्हणून ते ‘सहज विचारतेय’ म्हणून पत्ता मागतात. माझ्या मते याचा तोटा जास्त. पार्सल येणार हे तिला माहीत नसेल तर ती पेटीतली चिठ्ठी जाहिरातींबरोबर कचऱ्यात टाकेल. पोस्टात थांबलेलं पार्सल साधारण पंधरा दिवस ठेवतात, मग परत पाठवतात. आत काय आहे ते लपवावं, पार्सल लपवू नये.

दुसऱ्या दिवशी उत्तर येतं. भाचीने ओळीखाली ओळ लिहिलं आहे, फोटो मात्र ‘नंतर पाठवते’ म्हणून राहिला आहे. युनिट १२०४. इमारत ५५. रस्ता BANYAN ST. शहर टोरोंटो, प्रांत ओंटारियो. कोड तिने असा टाईप केला आहे: M9Z OX7. आता मावशीने हे तसंच पोस्टात न्यायचं की तपासायचं? तपासायचं, आणि त्यासाठी कॅनडा पाहिलेला असण्याची गरज नाही.

कोडपासून सुरुवात करू. अक्षर-अंक-अक्षर, मग अंक-अक्षर-अंक, हा क्रम कधीही मोडत नाही. चौथी जागा अंकाची आहे, आणि तिथे भाचीने O हे अक्षर टाईप केलंय. म्हणजे ते शून्य असलं पाहिजे. ही चूक इतकी अपेक्षित आहे की कोड आखणाऱ्यांनी D, F, I, O, Q, U ही सहा अक्षरं कुठेच वापरलेली नाहीत. हाताने लिहिताना O, Q आणि D शून्यासारखे दिसतात, I हा एक या आकड्यासारखा, U आणि V एकमेकांसारखे, F आणि E तसेच. त्यामुळे कोडमध्ये अंकाच्या जागी O दिसला की तो नक्की शून्यच, आणि तो अक्षराच्या जागी दिसला तर कोड नक्की चुकलेला. अशा वेळी तर्क लढवू नये, पुन्हा विचारावं. आपला पिनकोड नुसता आकड्यांचा असल्याने तिथे अशी आतली तपासणी करता येत नाही, एक आकडा चुकला तरी तो दुसऱ्याच एखाद्या गावाचा अगदी खरा पिनकोड असू शकतो.

पुढची पायरी कॅनडा पोस्टच्या संकेतस्थळाची. पत्ता भरला की कोड दाखवणारी सोय तिथे सगळ्यांसाठी खुली आहे. मावशी 55 BANYAN ST TORONTO भरते, आणि समोर दोन नोंदी येतात. एक E, एक W, आणि दोघांचे कोड वेगळे. M9Z 0X7 हा W च्या समोर आहे. म्हणजे भाचीने गाळलेलं अक्षर कोडनेच सांगितलं. उलटही होऊ शकलं असतं. पत्ता एका बाजूचा आणि कोड दुसऱ्या बाजूचा निघाला असता, तर दोन्हींपैकी एक चूक आहे एवढंच कळलं असतं, कुठलं ते नाही. युनिट नंबर मात्र या तपासणीत फारसा पकडला जात नाही. इमारतीत १२०४ हे घर आहे की नाही हे कधीकधी कळेल, पण त्यात आपली भाची राहते का हे कुठलंही संकेतस्थळ सांगणार नाही. तो एक आकडा पूर्णपणे तिच्या शब्दावर असतो. पाकिटाचा फोटो मागितला होता तो त्यासाठी.

म्हणून दुसरी, अगदी छोटी मेल जाते. त्यात लेबल जसं छापणार तसं चार ओळींत लिहिलेलं, आणि खाली एकच वाक्य: ‘हे असंच बरोबर आहे ना, वेस्ट आणि शून्य मी दुरुस्त केलंय, हो किंवा नाही कळव.’ ‘हो’ आलं की पत्ता पक्का झाला.

घराचा प्रकार वेगळा असेल तर मेलमधला युनिटचा प्रश्नही थोडा बदलावा लागतो. ब्रॅम्प्टन, स्कारबरो भागात नव्याने गेलेली आपली कितीतरी मुलं एखाद्या घराच्या तळघरात भाड्याने राहतात. वर मालक, खाली हे. अशा घराला बाहेरून एकच नंबर असतो आणि टपालपेटीही बहुधा एकच. नव्या उपनगरांत तर दारात पेटीच नसते. कोपऱ्यावर सगळ्या गल्लीच्या पेट्यांचं एक लोखंडी कपाट उभं असतं आणि या घराच्या पेटीची किल्ली मालकाकडे. तिथे पत्त्यात तळघराची खूण म्हणून BSMT लिहितात, पण किल्ली मालकाकडे असेल तर ती खूण असूनही पार्सल आधी मालकाच्याच हातात पडतं. तेव्हा मेलमध्ये विचारावं की टपाल कुणाच्या पेटीत येतं आणि किल्ली कुणाकडे असते. उत्तर ऐकून कधीकधी असं ठरतं की पार्सल जावयाच्या ऑफिसच्या पत्त्यावर गेलेलं बरं. मग तिथलाही युनिट नंबर लागतो, कारण एका इमारतीत चाळीस कचेऱ्या असतात.

जोडघरांच्या वसाहतीत तर फसगत हमखास. सत्तर-ऐंशी घरांच्या अख्ख्या वसाहतीला रस्त्यावरचा एकच नंबर असतो आणि प्रत्येक घर हे एक युनिट. स्वतंत्र दार, पुढे अंगण, गाडीची जागा, हे सगळं बघितल्यावर राहणाऱ्यालाही ‘युनिट’ हा शब्द आपल्याला लागू नाही असं वाटतं. म्हणून ‘फ्लॅट नंबर काय’ असं विचारलं तर ‘आमचा फ्लॅट नाही, घर आहे’ असं अभिमानाने उत्तर येतं. विचारावं असं: ‘तुमच्या इमारतीच्या नंबरावर आणखी कुणी राहतं का?’

आता पोस्टातलं काम. लेबलवर पत्ता रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत हवा. हा जागतिक टपाल संघाचा नियम आहे. हा संघ १८७४ मध्ये बर्नला स्थापन झाला आणि भारत १८७६ मध्ये त्यात आला. प्रेमाने ‘१२०४’ असं देवनागरीत लिहिलेलं टोरोंटोतल्या माणसाला वाचता येणार नाही, आणि यंत्राला तर नाहीच. देशाचं नाव शेवटच्या ओळीत, मोठ्या अक्षरांत. काउंटरवर पत्ता संगणकात भरला जातो, त्याच वेळी काचेपलीकडून तो वाचून घ्यावा. पत्त्याच्या चौकटींत ‘ओळ एक’ आणि ‘ओळ दोन’ असे भाग असतात. आपण युनिट नंबर दुसऱ्या ओळीत टाकतो, आणि लेबल छापताना कधी ती ओळ कापली जाते, कधी पुढच्या देशाच्या यंत्रणेत ती उतरतच नाही. पहिल्याच ओळीत रेघेने जोडलेलं 1204-55 या धोक्यातून सुटतं. कॅनडाची रीत आपल्याला विचित्र वाटली तरी ती पाळण्याचं हे सगळ्यांत चांगलं कारण. पावती हातात आल्यावर तिच्यावरची W आणि 1204 बघितल्याशिवाय खिडकी सोडू नये, मागच्यांनी कितीही सुस्कारे टाकले तरी.

सोबत सीमाशुल्काचा फॉर्म भरावा लागतो. त्यात ‘भेटवस्तू’ या चौकटीवर खूण करायची, वस्तू एकेक लिहायच्या आणि खरी किंमत टाकायची. कॅनडात नातेवाइकाने पाठवलेली भेट ६० कॅनेडियन डॉलरपर्यंत असेल तर तिच्यावर कर लागत नाही. रुपयांत ही रक्कम साडेतीन-चार हजारांच्या आसपास येते. त्यापेक्षा जास्त किंमत असेल तर वरच्या रकमेवर कर बसू शकतो, आणि तो पार्सल घेताना भाचीला भरावा लागतो. आत ‘बाळासाठी मावशीकडून’ असं इंग्रजीत लिहिलेलं कार्ड ठेवावं, म्हणजे पार्सल उघडून पाहिलं तरी ते भेट आहे हे कळतं. गोधडीची किंमत किती लिहायची हा अवघड प्रश्न आहे. लुगडी आजीची, शिवणारे हात स्वतःचे. बाजारात तशी गोधडी जेवढ्याला मिळेल तेवढी किंमत लिहावी, शून्य लिहू नये. शून्य किंमत तपासणाऱ्याला संशयास्पद वाटते.

पार्सलच्या फॉर्मवर आणखी एक प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर घाईत कुठेही खूण करून दिलं जातं: पार्सल पोचवता आलं नाही तर काय करायचं? परत पाठवायचं, की सोडून द्यायचं? परत आलं तर त्याचा खर्च पाठवणाऱ्यावर पडू शकतो. बाजारातल्या टोपड्यांसाठी तो खर्च कदाचित परवडणार नाही, पण आजीच्या लुगड्यांच्या गोधडीसाठी ‘परत’ यावरच खूण करायची. आणि परत यायचं तर पाठवणाऱ्याचा पत्ताही तितकाच पूर्ण हवा. मावशी तो लिहिते तेव्हा आपल्या सोसायटीचं नाव, रस्ता आणि पिनकोड लिहिते आणि पुष्कळदा स्वतःचा फ्लॅट नंबर विसरते, कारण इथे सगळे ओळखतात.

पावतीवर तेरा चिन्हांचा क्रमांक असतो: दोन अक्षरं, नऊ अंक आणि शेवटी IN. तो त्याच दिवशी टाईप करून भाचीला पाठवावा, पावतीच्या फोटोसह. पार्सल कॅनडात उतरून सीमाशुल्कातून सुटलं की हाच क्रमांक कॅनडा पोस्टच्या संकेतस्थळावर चालतो. ‘चिठ्ठी ठेवली’ अशी नोंद तिथे दिसली आणि भाचीला पेटीत काहीच मिळालं नाही, तर चिठ्ठी दुसऱ्याच पेटीत गेली असं समजावं. तेव्हा पंधरा दिवस संपायची वाट न बघता तिने क्रमांक आणि ओळखपत्र घेऊन पोस्ट गाठायचं. ते पोस्ट कुठलं, हेही बहुधा त्याच नोंदीत लिहिलेलं असतं.